घर्षण किती लागतं, आणि किती मिळू शकतं

उतारावरून न घसरता घरंगळणाऱ्या भरीव नळकांड्याला किती घर्षण लागतं, यावरच्या माझ्या लेखावर एका वाचकाची प्रतिक्रिया:

«गुरुजी, आधी पुस्तक उघडा. घर्षण म्हणजे μN हे शाळेतलं पोरही सांगेल, तुम्ही ते Mg sinθ चा तिसरा हिस्सा कुठून काढलंत? नळकांडं भरीव की पोकळ ते धड लिहिलं नाही, वस्तुमान आणि त्रिज्या गायब, घर्षणात खर्च होणारी ऊर्जाही गायब. असले अर्धवट लेख लिहून मुलांची वाट लावू नका.»

सुरुवात तुमच्या शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण ते मला लागलं आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. हे गणित फळ्यावर मांडताना कुठल्या ओळीला मुलांच्या कपाळावर आठी पडते, ते मला न बघता कळतं. चूक दाखवायची तर जरूर दाखवा, पण ‘पुस्तक उघडा’ म्हणणाऱ्यानं निदान लेख तरी शेवटपर्यंत वाचलेला असावा. तुम्ही तो वाचलेला नाही, हे तुमच्या दुसऱ्याच वाक्यावरून दिसतं.

एक गोष्ट मान्य. ‘भरीव’ हा शब्द लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात होता, शीर्षकात नव्हता. तो आज शीर्षकात घातला आहे.

आता μN कडे येतो, म्हणजे घर्षणांक μ गुणिले फळीचा लंब रेटा N. μN ही स्थैतिक घर्षणाची कमाल मर्यादा आहे, घर्षणाचं मूल्य नव्हे. जड कपाटाला एका बोटानं ढकललंत तर ते हलत नाही, कारण घर्षण तुमच्या बोटाइतकंच उलटं रेटतं. ते पूर्ण μN इतकं रेटत असतं, तर कपाट तुमच्याच अंगावर चालून आलं असतं. घसरणं सुरू होईपर्यंत घर्षण गरजेपुरतंच असतं. म्हणून घरंगळणाऱ्या नळकांड्याच्या बाबतीत आधी गरज काढायची आणि मग ती मर्यादेत बसते का ते पाहायचं. हा क्रम उलटा केला की सगळं गणित कोसळतं. कसं ते आकड्यांतच बघू.

२ किलोचं भरीव नळकांडं घ्या. उतार ३०° चा, μ = ०.५ आणि g = ९.८. उताराच्या दिशेनं खाली ओढणारं बल Mg sinθ = ९.८ न्यूटन. N = Mg cosθ म्हणजे सुमारे १७ न्यूटन, आणि μN जवळपास ८.५ न्यूटन. तुमच्या म्हणण्याप्रमाणे घर्षण पूर्ण ८.५ धरू. मग मध्याला खाली जाण्यासाठी उरतात १.३ न्यूटन, त्वरण ०.६६ मी/से². पण तेच ८.५ न्यूटनचं घर्षण नळकांड्याला फिरवतंय. भरीव नळकांड्याचं जडत्व आघूर्ण ½MR², म्हणून घर्षण f असेल तर कडेचं त्वरण 2f/M, म्हणजे ८.५ मी/से².

या दोन आकड्यांकडे नीट बघा. मध्य सरकतोय गोगलगाईच्या गतीनं आणि कड फिरतेय त्याच्या तेरापट वेगानं. म्हणजे टेकलेला बिंदू फळीवर मागे, चढाच्या दिशेनं घसरतोय. तो चढाकडे घसरत असेल तर घर्षण उताराच्या दिशेनं हवं. तुम्ही तर ते चढाच्या दिशेनं धरून सुरुवात केली होती. गृहीतानं स्वतःलाच खोटं पाडलं.

तरी समाधान झालं नसेल तर ऊर्जा मोजा. पहिल्या सेकंदात नळकांडं फळीवरून ३३ सेंटिमीटर सरकेल, म्हणजे उंची साडेसोळा सेंटिमीटर घटेल. त्यातून मिळतात सुमारे ३ जूल. त्याच सेकंदाच्या शेवटी फिरण्याची ऊर्जा मात्र ३६ जूल! हे ३३ जूल कुठून आले ते मला सांगा. ऊर्जा ‘गायब’ केल्याचा आरोप माझ्यावर करता आणि स्वतःच्या सूत्रातून ती फुकट निर्माण होते, याकडे तुमचं लक्ष नाही.

गरज कशी काढायची, ते पुन्हा मांडतो. मध्याचं त्वरण a, आणि न घसरता घरंगळताना फिरण्याचं कोनीय त्वरण a/R. समीकरणं दोनच:

Mg sinθ − f = Ma
fR = ½MR² · (a/R)

दुसऱ्यातून f = ½Ma. ते पहिल्यात घातलं की a = (2/3) g sinθ आणि f = (1/3) Mg sinθ. हाच तो तुम्हाला खटकलेला तिसरा हिस्सा. आपल्या उदाहरणात तो ३.२७ न्यूटन, आणि उपलब्ध ८.५ पर्यंत. नळकांडं निवांत घरंगळेल. f ≤ μN ही अट घातली की μ ≥ tanθ/3. ३०° ला हा किमान घर्षणांक ०.१९ येतो.

तोच उतार आणि μ = ०.१५ असेल, तर मात्र गरज भागत नाही. नळकांडं खरोखर घसरतं, आणि तेव्हाच, फक्त तेव्हाच, घर्षण μN इतकं असतं (स्थैतिक आणि गतिक घर्षणांक इथे सारखेच धरलेत). f = २.५५ न्यूटन, मध्याचं त्वरण ३.६३, कडेचं २.५५. मध्य पुढे, कड मागे. टेकलेला बिंदू उताराकडे घसरतोय, घर्षण चढाकडे आहे, कुठेही विसंगती नाही. तुमचं सूत्र चुकीचं नाही, तुम्ही ते जिथे लागू नाही तिथे लावलंत.

हे प्रयोगशाळेत बघता येतं आणि मी ते मुलांकडून करून घेत आलोय. ७ सेंटिमीटर व्यासाच्या नळकांड्याच्या कडेला शाईचा छोटा ठिपका द्यायचा आणि फळीवरून स्थिर स्थितीतून सोडायचं. परीघ २२ सेंटिमीटर. न घसरता घरंगळलं तर फळीवर दर २२ सेंटिमीटरला स्वच्छ ठिपका उमटतो. वरच्या ०.१५ च्या उदाहरणात ठिपके ३१ सेंटिमीटरवर पडतील, आणि शाई फराटलेली दिसेल. तुमच्या हिशेबाप्रमाणे μ = ०.५ ला ते पावणेदोन सेंटिमीटरवर पडायला हवेत. असे ठिपके पाडून दाखवा, मग बोलू.

पोकळ, पातळ भिंतीच्या नळकांड्याचं जडत्व आघूर्ण MR², त्यामुळे गरज वाढून Mg sinθ/2 होते, आणि अट μ ≥ tanθ/2. ३०° ला ०.२९. म्हणजे μ = ०.२५ च्या फळीवर भरीव घरंगळेल आणि पोकळ घसरेल. हे मूळ लेखात होतं. तिथपर्यंत तुम्ही पोचला नाहीत.

वस्तुमान आणि त्रिज्या मी गाळलेली नाहीत, ती वरच्या दोन ओळींत छेदली जातात, स्वतः करून बघा. घर्षणात ऊर्जा खर्च होत नाही, कारण न घसरता टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. भरीव नळकांड्यात दोन तृतीयांश ऊर्जा सरकण्यात जाते, एक तृतीयांश फिरण्यात.

शीर्षकातला तो एक शब्द सोडला तर लेख आहे तसाच राहील. पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा तुमची दोन समीकरणं सोबत असू द्या.