माझी पाच पत्रं एकाच खणात

काल रात्री साडेअकराला माझ्या सख्ख्या काकांनी माझ्या कर्तृत्वाला कात्री लावली. खरोखरची कात्री. स्वयंपाकघरातली, पिशव्या कापायची. अजून मी त्यांच्याशी नीट बोललेले नाही.

अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचं काम मी करते. त्याच कामाच्या एका प्रशिक्षणाचा ऑनलाइन अर्ज होता. स्वतःबद्दल सांगा, हे प्रशिक्षण का हवं, एखादी अडचण कशी सोडवलीत, गटाला काय द्याल, नंतर काय कराल. पाच प्रश्न, प्रत्येकी १०० शब्द. दोन तासांत उरकलं, छापलं आणि कौतुक ऐकायला काकांपुढे ठेवलं.

आता, काका टपालखात्यात सॉर्टर होते. आयुष्यभर भिंतीएवढ्या लाकडी खणांसमोर उभं राहून त्यांनी पत्रं टाकली. निवृत्त झाले, पण हात निवृत्त झालेला नाही. घरात आलेली बिलंसुद्धा ते मनगटाला झटका देऊन ठेवतात. लग्नपत्रिका आली की मजकूर नंतर; आधी पत्ता किती गलिच्छ अक्षरात आहे ते बघतात. एकदा एका नातेवाइकाशी ते दोन महिने बोलले नव्हते, कारण त्याने पत्ता पाकिटाच्या भलत्याच कोपऱ्यात लिहिला होता. असो.

त्यांनी वाचलं काहीच नाही. प्रत्येक कागदावरचा प्रश्न कापून बाजूला ठेवला, उरलेली उत्तरं पत्त्यांसारखी पिसली आणि पाठमोरी करून मांडली.

"टाक," ते म्हणाले.

"काय टाकू?"

"टपाल. कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं?"

मी हसत पहिला कागद उचलला. "लहानपणापासूनच वाचनाची अतिशय आवड असल्यामुळे आणि समाजासाठी काहीतरी करावं ही मनापासूनची ओढ असल्यामुळे मी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करण्याच्या कामाकडे वळले." सोपं आहे, 'स्वतःबद्दल सांगा'. दुसरा उचलला. लहानपणापासूनच वाचनाची. तिसरा उचलला. लहानपणापासूनच. मी पाचपैकी दोन बरोबर टाकले. माझीच उत्तरं, मीच लिहिलेली, त्याच दिवशी.

"पाचही पत्रं एकाच घरी पडतायत," काका म्हणाले. "पोस्टमन पाच वेळा जिना चढणार आणि दर वेळी तीच बाई दार उघडून म्हणणार, मला वाचनाची आवड आहे."

मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढून शब्द मोजले. सुरुवातीचं वाक्य बावीस शब्दांचं. पाच वेळा म्हणजे ११०. एकदा पुरे होतं, म्हणजे ८८ शब्द फुकट. "एक अख्खं उत्तर तू लिहिलेलंच नाहीस," ते म्हणाले आणि पाचही कागदांवरून ते वाक्य कात्रीने उडवलं.

मी बाजू मांडली. काही ठिकाणी एकेक प्रश्न वेगळ्या परीक्षकाकडे जातो. तिसरं उत्तर वाचणाऱ्याने पहिलं पाहिलेलंच नसतं, त्यामुळे 'वर सांगितल्याप्रमाणे' लिहिता येत नाही. हे माझं म्हणणं खरं आहे. काकांनी ते मान्यही केलं, फक्त चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. "पत्रावर नाव लागतंच. आत्मचरित्र लागत नाही. 'पुस्तकांच्या ध्वनिमुद्रणात' एवढे दोन शब्द घाल आणि कामाला लाग."

मग त्यांची एकच चौकशी सुरू झाली: "हे पत्र गेल्यावर समोरच्याने काय करायचं?"

तिसऱ्या उत्तराचं जमलं, कारण तिथे खरंच काहीतरी घडलं होतं. भूगोलाच्या पुस्तकातला तक्ता मी ओळीमागून ओळ सरळ वाचला होता. ऐकणाऱ्या मुलाचा फोन आला: "ताई, तिसऱ्या ओळीला मी हरवतो. हा आकडा पावसाचा की तापमानाचा?" डोळ्यांनी वाचणारा वर नजर टाकून रकान्याचं नाव बघतो, कानाला वर बघता येत नाही. तेव्हापासून मी प्रत्येक आकड्याआधी रकान्याचं नाव म्हणते. वाचन लांबतं, पण मूल हरवत नाही. एवढीच अडचण आणि एवढाच उपाय. मी मात्र त्या मुलाचा फोन पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या उत्तरातही वापरला होता, कारण माझ्याकडे तोच एक चांगला प्रसंग आहे. काकांनी तो तिसऱ्या खणात टाकला आणि बाकीच्या तिघांतून काढला. ती तीन उत्तरं आता इतकी हडकुळी झाली की मला रडू यायचं बाकी राहिलं.

खरी मारामारी 'का हवं' आणि 'नंतर काय कराल' यांच्यात होती. दोन्हीकडे मी समाजाचं भलं करत होते. काका म्हणाले, "आधीच्यात भोक दाखव, नंतरच्यात ठिगळ." म्हणजे असं: माझं ध्वनिमुद्रण सलग असतं, मुलाला सातवा धडा हवा तर अंदाजाने पुढे सरकावं लागतं. डेझी पद्धतीच्या बोलक्या पुस्तकात शीर्षकावरून, पानावरून थेट उडी मारता येते; ते मला करता येत नाही. दुसरं उत्तर इथेच थांबलं, 'येत नाही' वर. स्वतःबद्दलच्या अर्जात 'येत नाही' लिहिताना हात जड होतो, हे काकांना कोण सांगणार? पाचवं उत्तर मग शिकून झाल्यावर सुरू झालं: पहिलं तेच भूगोलाचं पुस्तक, आणि तपासायला तोच मुलगा.

चौथ्यात, गटाला काय द्याल, मी 'उत्साह आणि सकारात्मकता' देत होते. काकांनी विचारलं, "पार्सल आहे की रिकामा खोका?" शोधल्यावर माझ्याकडे एक वही निघाली. वाचताना अडलेल्या शब्दांचे आणि नावांचे उच्चार मी त्यात लिहून ठेवते. पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या हातात देता येईल अशी माझ्याकडे तेवढीच वस्तू आहे.

पिसून पुन्हा टाकले. पाचपैकी पाच.

पण अर्ज बनवणाऱ्यांनीही थोडी लाज बाळगावी. प्रश्नाखाली '१०० शब्द' लिहिलं होतं आणि उत्तराचा खोका ठरावीक आकड्यापर्यंत मोजत होता चिन्हं. काना, मात्रा, वेलांटी, पायमोडीचं चिन्ह, सगळी वेगळी. तीन अक्षरांचा 'विद्यार्थी' तिथे दहा जागा खातो! सत्तराव्या शब्दाच्या आसपास भिंत आली, आणि डकवलेला मजकूर खोक्याने न सांगता तोडला. बरं झालं शेवट वाचून पाहिला. माझं तिसरं उत्तर 'त्या मुलाने मला' इथे संपत होतं. परीक्षकाने काय काय कल्पना केल्या असत्या! ज्यांनी शब्द म्हणून चिन्हं मोजली, तेच मला 'अडचण कशी सोडवलीत' विचारतायत. पाचही उत्तरं पुन्हा कापली, रात्री एकपर्यंत. त्यांना याबद्दल कोण १०० शब्द लिहायला लावतं?

पाठवण्याआधी शेवटचं पान उघडलं. सहावा खोका. 'आणखी काही सांगायचे असल्यास. ऐच्छिक.'

काकांनी टेबलावरच्या पाच पट्ट्या गोळा केल्या, टाचणी मारली आणि मनगटाला झटका देऊन माझ्यासमोर टाकल्या. लहानपणापासूनच वाचनाची अतिशय आवड असल्यामुळे. पाच प्रती.

मी खोका रिकामा ठेवला. पट्ट्या मात्र ठेवल्यात.