गुठळ्या म्हणजे विरघळलेली गाठ नव्हे

«पाळीत गुठळ्या पडतात म्हणजे पिशवीतली गाठ विरघळून बाहेर येते, ते रोखू नका. सोनोग्राफीत दोन सेंटीमीटरचीच गाठ असेल तर तिचा त्रास नसतो. थकवा उन्हाचा असतो. बीट-गूळ खा, रक्त भरून येईल.»

मी नागपुरात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. हा मजकूर मला पेशंटच मोबाइलवर दाखवतात.

घोळ शब्दाचा आहे. पिशवीतली गाठ आणि रक्ताची गुठळी, आपण दोन्हींना ‘गाठी’च म्हणतो. फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूची घट्ट, रबरासारखी गाठ असते आणि ती रक्तात विरघळत नाही. पडते ती गोठलेल्या रक्ताची गुठळी. पाळीचं रक्त पातळ ठेवणारी द्रव्यं गर्भाशयातच असतात, पण रक्त धो-धो आलं की ती पुरी पडत नाहीत. दहाच्या नाण्याएवढ्या गुठळ्या पडतात म्हणजे रक्तस्राव जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दोन सेंटीमीटरचं म्हणाल, तर माप नंतर बघा, आधी जागा विचारा. मानेवाड्याहून एक छत्तीस वर्षांची बाई आली होती. पाळी नऊ दिवस, पहिले तीन दिवस दर तासा-दीड तासाला पॅड. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ‘लहान गाठ’ म्हणून विषय संपला होता. योनीमार्गातून सोनोग्राफी केली, तर तीच गाठ पोकळीत डोकावत होती. अशी गाठ अस्तर ताणते, भोवतीच्या शिरा फुगवते, आणि रक्तवाहिन्या दाबून धरणारं गर्भाशयाचं आकुंचन नीट होऊ देत नाही. तिच्या थोरल्या बहिणीची गाठ सात सेंटीमीटरची होती, पण बाहेरच्या बाजूला. तिची पाळी व्यवस्थित!

उन्हाचं काय बोलावं. मे महिन्यात नागपुरात कोण थकत नाही? पण या बाईंना जानेवारीतही जिना चढताना धाप लागायची. हिमोग्लोबिन 7.8, आणि अंगातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन अवघं 6. हिशेब सोपा आहे. निरोगी माणसाच्या 1 मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत 160 मिलिलिटर गेलं, तर 80 मिलिग्रॅम लोह गेलं. जेवणातून अंगी लागतं दिवसाला 1 ते 2 मिलिग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं रोजच्या झिजेतच संपतं. 100 ग्रॅम बीटात तर 1 मिलिग्रॅमसुद्धा नसतं. लोहाची गोळी संत्र्यासोबत घ्या, चहासोबत नको. विदर्भात सिकलसेलचीही तपासणी करून घ्यावी, ते वेगळं प्रकरण आहे.

त्यांना आधी शिरेतून लोह दिलं, पाळीत ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या, मग दुर्बिणीने योनीमार्गातूनच गाठ काढली. पोटावर टाका नाही, पिशवी शाबूत. पाळी आता पाच दिवसांची आहे. नवी गाठ होऊ शकते, हे त्यांना सांगून ठेवलंय. आणि तासाला एक पॅड असं सलग दोन तास भिजलं किंवा चक्कर आली, तर थेट कॅज्युअल्टीत यायचं, हेही.