आत्येच्या पेल्यातला सोडा

«जेवल्यावर पोट फुगतं, सारखे ढेकर येतात? तुमच्या पोटात अन्न सडून गॅस होतोय! 1) जेवण झाल्या झाल्या अर्धा चमचा खाण्याचा सोडा लिंबाच्या पाण्यात घालून प्या, दोन्ही वेळा. ढेकर आला की समजा गॅस निघाला. 2) उकड्या तांदळाचा भात कायमचा बंद, त्याऐवजी पोळी. 3) जेवताना पाणी म्हणजे विष. 4) कडधान्यं पूर्ण सोडा. 5) जेवणानंतर शतपावली. डॉक्टर हे सांगणार नाहीत, सर्वांना पाठवा.»

हा मजकूर मला चार ग्रुपांवरून आला आणि चारही वेळा मी तो पुसून टाकला. पाचव्यांदा तो सावईवेऱ्याला आमच्या आत्येच्या स्वयंपाकघरात भेटला, पेल्यात फसफसत. आत्या अडुसष्ट वर्षांची, रक्तदाबाची गोळी गेली कित्येक वर्षं चालू. तीन आठवडे ती इमानेइतबारे दोन्ही वेळा हे पाणी पीत होती. «बरं वाटतं रे, घळाघळा ढेकर येतात,» असं वर मलाच सांगत होती. मी फोंड्याला औषधांचं दुकान चालवतो, म्हणून कोणी घरी बोलावलं की यंत्र पिशवीत असतंच. दाब निघाला 168 आणि 96. महिन्यापूर्वी तो 140च्या आत होता.

म्हणून सोड्यापासूनच सुरुवात. खाण्याचा सोडा पोटातल्या आम्लात पडला की मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एक ग्रॅम सोड्यातून जास्तीत जास्त 300 मिलिलिटर वायू निघू शकतो. अर्धा सपाट चमचा म्हणजे साधारण अडीच ग्रॅम, तेव्हा हिशेब पाऊण लिटरच्या घरात जातो. सगळा वायू एकदम सुटत नाही, आणि लिंबामुळे बराचसा पेल्यातच उडून जातो. पण जो ढेकर येतो तो बहुतांशी त्या पेल्यातलाच असतो. आधी हवा भरायची, ती बाहेर आली की रोग गेला म्हणायचं! सायकलच्या ट्यूबमध्ये पंप मारून वॉल्व्ह सोडला आणि फुस्स झालं म्हणून कोणी पंक्चर निघालं म्हणतं का?

भरल्या पोटावर तर हा उपाय धोक्याचाच आहे. अमेरिकेत आम्लपित्तासाठी विकल्या जाणाऱ्या सोड्याच्या डब्यावर इशारा छापलेला असतो, की खाऊनपिऊन पोट तट्ट भरलेलं असताना हा घेऊ नका. कारण भरपेट जेवणावर सोडा घेऊन जठर फाटल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. त्या विरळा आहेत हे खरं, पण हा मजकूर नेमकी तीच वेळ सांगतो: जेवण झाल्या झाल्या.

आत्येचं खरं नुकसान मात्र सोडियमने केलं. सोड्यात वजनाच्या सत्तावीस टक्के सोडियम असतं. अडीच ग्रॅमात साडेसहाशे मिलिग्रॅमच्या वर, दोन वेळचं मिळून तेराशे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात सगळ्या अन्नातून मिळून 2000 मिलिग्रॅमच्या खाली राहा म्हणते. म्हणजे सुकी सुंगटं, खारातलं लोणचं, आमटीतलं मीठ हे सगळं उरलेल्या सातशेत बसवायचं. एवढी वर्षं आमटीत मीठ कमी घालणारी बाई पेल्यातून सोडियम पीत होती आणि ते खारट लागत नाही म्हणून तिला कळत नव्हतं. शिवाय पोटातलं आम्ल बदललं की काही गोळ्यांचं शोषणही बदलतं.

छातीत जळजळ असेल तर सोड्याने घटकाभर बरं वाटतं, हे मान्य करतो. आम्ल मारलं जातं, तेवढंच. आमच्या काउंटरवर मला भीती असते ती वेगळीच. चढ चढताना छातीवर दडपण, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, सोबत दोन ढेकर, आणि माणूस म्हणतो «गॅस झालाय, सोडा द्या.» हृदयविकाराच्या झटक्यातही ढेकर येतात. अशा वेळी सोडा ढवळत बसायचं नाही, 108 ला फोन करायचा.

आता त्या «सडलेल्या अन्ना»कडे. जठरात अन्न सडत नाही, एवढ्या आम्लात ते शक्यच नाही. ढेकरातून येते ती बहुतेक आपणच गिळलेली हवा. अन्न आंबून होणारा वायू खाली मोठ्या आतड्यात तयार होतो आणि त्याचा रस्ताही खालचाच. या दोन वेगळ्या तक्रारींना आपण एकच «गॅस» म्हणतो आणि सगळा घोळ तिथे होतो.

ढेकरांतही दोन जाती आहेत. एक जठरातून येणारा, हवा साठली की झडप उघडून निघणारा, सगळ्यांना येतो तो. दुसरा जठरापर्यंत पोचतच नाही. माणूस नकळत हवा अन्ननलिकेत ओढतो आणि लगेच बाहेर टाकतो, एका मिनिटात अनेकदासुद्धा. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनने 2023 मध्ये ढेकर आणि पोटफुगी याच विषयावर डॉक्टरांसाठी मार्गदर्शन काढलं. त्यात पहिलं काम हे दोन ढेकर वेगळे ओळखणं असं सांगितलंय, आणि दुसऱ्या जातीवर उपाय म्हणून पोटाने श्वास घेण्याचा सराव आणि सवय मोडणारी थेरपी दिली आहे. सोड्याने ही सवय मोडत नाही.

आत्येला मी एक वही दिली. तीन गोष्टी लिहायच्या: काय खाल्लं, किती वाजता, आणि त्रास किती वाजता. आठ दिवसांत वही बोलायला लागली. ढेकर जेवणानंतर दहा मिनिटांत सुरू होत आणि टीव्हीसमोर तासभर चालत. नातू येऊन गोष्ट सांग म्हणाला की बंद. झोपेत एकही नाही. बोलण्यात गुंतल्यावर आणि झोपेत थांबणारा ढेकर हा बहुधा त्या दुसऱ्या जातीचा. त्यात तिची खालची कवळी सैल. सैल कवळीने चावताना हवा जास्त गिळली जाते, आणि ती नीट चावत नसल्याने दहा मिनिटांत ताट संपवून मोकळी होत होती.

कवळी दाताच्या डॉक्टरांकडून बसवून घेतली. जेवण वीस मिनिटांवर आणलं. ढेकर येईलसं वाटलं की तोंड किंचित उघडं, जिभेचं टोक वरच्या दातांमागे, हात पोटावर, नाकाने सावकाश श्वास असा की हात वर उचलला जाईल आणि छाती हलणार नाही, मग त्याहून सावकाश सोडायचा. पाच मिनिटं. तोंड उघडं असताना हवा आत ओढणं अवघड जातं, गोम तीच. पहिले दोन दिवस तिला हसू येत होतं. तीन आठवड्यांनी ढेकर अगदी गेले नाहीत, पण टीव्हीतले संवाद ऐकू यायला लागले. सोडा अर्थात पहिल्याच दिवशी बंद केला आणि दाबासाठी तिला तिच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

वहीत दुसरी गोष्टही दिसली. ज्या दुपारी अळसांद्यांचं तोणाक असे, त्या संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास पोट घट्ट, गुरगुर, आणि वायू खालून. म्हणजे चार-पाच तासांनी, आतड्यात. इथे एक फसगत होते. जेवायला बसलं की मोठं आतडं हलायला लागतं, त्यामुळे आधीच्या जेवणाचा वायू आत्ताच्या जेवणानंतर जाणवतो आणि बोट समोरच्या ताटाकडे जातं. एका दिवसावरून निकाल लावायचा नाही तो म्हणूनच.

कडधान्यांच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते देऊन टाकतो. अळसांदे, चणे, वाटाणे यांत काही साखरा अशा असतात की त्या फोडायचं विकर माणसाकडे नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू मेजवानी करतात. पण म्हणून कडधान्यं «पूर्ण सोडा»? आत्या मासळी आठवड्यातून दोनदाच खाते, तिने प्रथिनं आणायची कुठून? या साखरा पाण्यात उतरतात. अळसांदे रात्रभर भिजवायचे, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात मऊ शिजवायचे. वाटी भरून नाही, अर्धी वाटी. मोड काढले की साखरा आणखी कमी होतात, म्हणून मुगागाठी बऱ्याच जणांना सोसतात. आणि तोणाकात भाजलेल्या कांद्याचा वाटा विसरू नका. कांदा-लसणात फ्रुक्टान नावाच्या अशाच न पचणाऱ्या साखरा असतात, त्या अळसांद्यांइतक्याच खोडकर. आत्येने कांदा निम्मा केल्यावर जो फरक पडला, त्याचं श्रेय तिने भिजवलेल्या अळसांद्यांना दिलं. देऊ दे.

उकड्या भाताचा मुद्दा वाचून तर मला संतापच आला. गोव्यात बसून उकड्याला नावं ठेवायची? भाताचा स्टार्च लहान आतड्यात जवळजवळ पूर्ण शोषला जातो. धान्यांत सर्वांत कमी वायू करणारं म्हणून भाताचीच ओळख आहे. फ्रुक्टान असतात ते गव्हात. म्हणजे हा सल्ला पाळून माणूस कमी वायूच्या अन्नावरून जास्त वायूच्या अन्नावर जाणार. सकाळी पातळभाजी-पाव, दुपारी पोळी, संध्याकाळी चहाबरोबर उंडो अशा दिवसानंतर ज्याचं पोट फुगतं त्याने दोन आठवडे पाव-पोळी कमी करून पेज-भातावर राहून पाहावं. फरक नसेल तर परत पोळी खावी, उगीच जन्मभराचं पथ्य नको. भाताचा डोंगर करून वर नारळाचं दाट हुमण ओतलं तर जड वाटणारच, पण तो दोष डोंगराचा आणि तेलाचा. स्निग्ध पदार्थ जठर उशिरा रिकामं करतात.

पाण्याचं विष वगैरे काही नाही. घोटघोट प्या. घटाघटा तांब्या रिकामा केला तर हवाही आत जाते, एवढंच. टाळायचं ते लिंबू-सोडा, थंड पेय आणि बिअर जेवणाबरोबर.

शतपावली बरोबर. पाच मुद्द्यांत एक तरी बरोबर यावाच लागतो, नाहीतर मजकूर पुढे कोण पाठवेल? जेवून आडवं पडण्यापेक्षा पंधरा मिनिटं अंगणात सावकाश फिरण्याने वायू पुढे सरकतो.

वही आणि श्वासाने भागत नाही अशाही खुणा आहेत. वजन आपोआप उतरणं, गिळताना अडकणं, काळी किंवा रक्ताची शौच, वारंवार उलटी, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघणं. आणि पन्नाशी ओलांडलेल्या बाईला नव्यानेच, रोज, दोन-तीन आठवडे पोट फुगलेलं वाटत असेल आणि चार घासांत भरत असेल, तर गॅस म्हणून सोडून न देता डॉक्टरांना सांगून बीजाशयाची तपासणी करून घ्यायची. आत्येलाही मी हे विचारलं होतं. तिची फुगी अळसांद्यांच्या दिवशीच येते आणि रात्री उतरते, म्हणून वहीवर थांबलो. तरी वार्षिक तपासणीत सोनोग्राफी लिहून घे म्हटलंय.