डबा पाठवू का? अर्थात मदतीने माणूस कसा दमवावा

समजा ऑफिसातल्या एकाचा सकाळी पावणेआठला मेसेज आला, "आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलंय, आज येत नाही." आता 'कशी पडली', 'डॉक्टर काय म्हणाले' असलं काहीतरी विचारत बसू नका, तेवढ्यात दुसरा कुणीतरी मदत ऑफर करून मोकळा होईल. सरळ टाइप करा, "डबा पाठवू का? रात्री थांबायला येऊ?" आणि पाठवून द्या.

आता गंमत बघा. तो बिचारा काउंटरला कॅशलेसचा फॉर्म भरतोय, एक्स-रे काखेत, आणि तुम्ही त्याला अजून एक काम लावलंत, तुम्हाला उत्तर द्यायचं. हो म्हणावं तर डबा घ्यायला खाली कोण जाणार, मग तो घासायचा, आणि आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत, म्हणजे आई घरी आली की हा पहिल्यांदा तुमच्यासाठी शिरा करायला घेणार. नाही म्हणावं तर नुसतं 'नको' चालत नाही, त्याला कारण जोडावं लागतं. म्हणून तो लिहितो, "अरे नको, थँक्स, मावशी आणतेय." मावशी नागपूरला असते.

हे सगळं शास्त्रात बसतं बरं का. पेनलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या दोघा भाषाशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये सभ्यतेचा सिद्धांत मांडला, 1987 मध्ये त्याचं स्वतंत्र पुस्तक आलं. इंग्रजी, मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि कोइम्बतूरकडच्या खेड्यातली तमीळ, असं तीन ठिकाणचं बोलणं त्यांनी तपासलं. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमनकडून त्यांनी 'फेस' ही कल्पना घेतली, म्हणजे आपण ज्याला चारचौघांतली पत म्हणतो ती, आणि तिचे दोन भाग केले: लोकांनी मला आपलं म्हणावं हा एक, आणि कुणी माझ्या वाटेत येऊ नये, मला भिडेला पाडू नये हा दुसरा. हा दुसरा भाग ज्याने दुखावतो त्या यादीत हुकूम आहे, धमकी आहे आणि चक्क मदतीची ऑफरही आहे. कारण ऑफर आली की घ्यायची की नाकारायची हे ठरवावंच लागतं, आणि घेतली की माणूस मिंधा होतो.

त्यात पहिल्याच उत्तरात ऑफर केली की मजा दुप्पट. त्याने फक्त बातमी सांगितली होती हो, मागितलं काहीच नव्हतं. पण तुम्ही त्याचं सांगणं हेच मागणं धरलंत, आणि एका मिनिटात तो सांगणाऱ्याचा मागणारा झाला. तोच दोन मेसेजनंतर स्वतःहून म्हणाला असता, "रात्री कोण थांबणार तेच कळत नाहीये", तर तुमचं "मी येतो" हे नुसतं उत्तर ठरलं असतं, पण एवढं थांबायला धीर लागतो आणि तो आपल्याकडे कुठाय!

ओझं किती पडणार हे तीन गोष्टींवर ठरतं: तुमच्यात अंतर किती, वरचढ कोण आणि मदत केवढी. म्हणून तुम्ही त्याचे साहेब असाल आणि ओळख सहा महिन्यांची असेल तर थेट पन्नास हजार ऑफर करा, जन्मभर तो लिफ्टमध्ये तुमची नजर टाळेल. आणि फार सज्जन दिसायचं असेल तर "काही लागलं तर हक्काने सांग". यात तुमचं काहीच जात नाही, काय लागतंय ते शोधायचं आणि वर तोंड उघडून मागायचं, दोन्ही कामं त्याची.

यावर कुणी म्हणेल, आपल्यात आग्रह हा मानच असतो. मुद्दा बरोबर आहे, चिनी भाषेबद्दल भाषाशास्त्रज्ञ गू युएगुओने 1990 मध्ये हीच हरकत घेतली होती की तिथे आमंत्रण, ऑफर म्हणजे अडवणूक समजत नाहीत. पण पंगतीत 'नको नको' म्हणत ताटावर आडवा हात धरायचा आणि तरी जिलबी पडायची हे दोघांनाही पाठ असतं, हॉस्पिटलच्या काउंटरला असं काही ठरलेलं नसतं. तुम्ही मात्र तिथेही त्याच्या 'नको'ला पंगतीतलं 'नको' समजा. उत्तर वीस मिनिटांनी आलं, त्यात 'बघतो, कळवतो' असलं, नकाराचं कारण जरा जास्तच लांबलचक असलं, तर तो लाजतोय असं धरा आणि पुन्हा विचारा.

एक मात्र चुकूनही करू नका. आधी "बापरे, ऑपरेशन कधी आहे?" विचारायचं आणि मग सहज बोलता बोलता "मी साडेसातला त्याच रस्त्याने घरी जातो" एवढंच टाकून गप्प बसायचं, हा प्रकार. त्यात तो काही न बोलता विषय बदलू शकतो आणि कुणी कुणाला नकार दिला हेसुद्धा कळत नाही. मग तुमच्या मदतीची नोंद कुठे राहणार?

त्यापेक्षा डबा घेऊन सरळ वॉर्डातच जा. मावशी भेटल्या तर त्यांनाही वाढा.