रोजगार हमीचे पैसे सगळ्यांना वाटले, तर वाट्याला काय येईल?

"रोजगार हमी म्हणजे नुसते खड्डे खणणं. ती बंद करा आणि तेच पैसे सरसकट सगळ्यांच्या खात्यात टाका. मधली खाबुगिरी संपेल आणि गरिबाला जास्त मिळेल," असं म्हणणारे भेटतात.

आधी 'तेच पैसे' किती, ते पाहू. २०१७-१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मनरेगाला ४८,००० कोटी रुपये होते. देशाची लोकसंख्या १३० कोटी धरली, तर माणशी वर्षाला ३७० रुपयेही होत नाहीत, म्हणजे महिन्याला जेमतेम ३१. पाच जणांच्या घरात वर्षभरात साधारण १,८५० रुपये येतील. त्याच वर्षी महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी दिवसाला २०१ रुपये होती. एखाद्या घराला शंभराऐवजी ४५ दिवसच काम मिळालं, तरी हातात ९,०४५ रुपये पडत. हा फरक पडतो, कारण बागायतदार किंवा पगारदार माणूस उन्हात माती उपसायला येत नाही. गरजू कोण हे ठरवायला तिथे तलाठ्याचा दाखला लागत नाही.

खरंखुरं मूलभूत उत्पन्न, म्हणजे किमान गरजा भागतील एवढे पैसे विनाअट द्यायचे, तर रक्कम वेगळीच लागते. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने माणशी वर्षाला ७,६२० रुपयांचा हिशेब मांडला होता. वरचे २५ टक्के लोक वगळूनही खर्च जीडीपीच्या चार-पाच टक्क्यांवर जात होता. तेवढे पैसे कुणी खरोखर काढले, तर पाच जणांच्या घराला ३८,१०० रुपये मिळतील आणि ते शंभर दिवसांच्या मजुरीपेक्षा जास्त आहेत, हे मान्य. पण मग ते 'तेच पैसे' राहत नाहीत.

खाबुगिरीचं म्हणणं अर्धं खरं आहे. मजुरी बरीच वर्षं खात्यातच जमा होते. चोरी होते ती मस्टरवर खोटी हजेरी लावून आणि कामाचं मोजमाप फुगवून. सरसकट पैसे दिले तर ही वाट बंद होईल. आधारवरचं आणि बँकेतलं नाव जुळत नाही म्हणून अडकलेले पैसे मात्र दोन्हीकडे अडकतील.

रोजगार हमीचं खरं दुखणं वेगळं आहे: मजुरी उशिरा मिळते. पंधरा दिवसांनंतरच्या विलंबाला नियमाने दिवसाला ०.०५ टक्के भरपाई होती. सहा दिवसांच्या मजुरीच्या १,२०६ रुपयांवर ती होते रोजचे ६० पैसे. एवढ्या दंडाने कुठलं कार्यालय हलणार?

खड्ड्यांबद्दल थोडक्यात. १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्रात पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते दुष्काळी कामांवर झाले. १९९० पासून रोजगार हमीतून शेतकऱ्यांच्या स्वतःच्या जमिनीवर फळबागा लागल्या. कोकणातल्या आंबा-काजूच्या कितीतरी कलमांना हाच पैसा लागला. निकृष्ट कामंही झाली, नाकारत नाही. पण पाऊस दडी मारतो तेव्हा कामाची मागणी वाढते आणि मागेल त्याला काम द्यावं लागतं. महिन्याची ठरलेली रक्कम दुष्काळातही तेवढीच राहते.

ज्यांना फावडं उचलवत नाही, ते म्हातारे, अपंग, बाळंतिणी, त्यांना काम देऊन काय उपयोग? त्यांच्या खात्यात विनाअट पैसे टाकावेत. त्यासाठी मजुराचं मस्टर बंद करायची गरज नाही.