बोलूनच तर भांडण होतं – या प्रतिक्रियेला उत्तर

नवरा-बायकोने जवळिकीबद्दल मोकळेपणाने बोलावं, या माझ्या लेखावर एका वाचकाने लिहिलंय:

"ताई, लेख पुस्तकी वाटला. मी जवळ घेतलं की बायको आखडते, बोललो की म्हणते तुला फक्त तेवढंच हवं असतं. बोलूनच तर भांडण होतं. मग बोलायचं कशाला?"

दादा, राग समजला. पण तुम्ही नेमकं कधी बोलता? बहुतेक रात्री, तिने नाही म्हटल्यावर लगेच. त्या वेळी तुम्ही दुखावलेले असता आणि तिला वाटतं आता आपल्याला जाब द्यायचाय, मग भांडणच होणार ना.

आता आखडण्याचं. माझ्या ओळखीतलं नाशिकच्या सिडकोतलं एक जोडपं आहे, तो अंबडला शिफ्टमध्ये, घरी सासू-सासरे आणि लहान मूल, म्हणजे दिवसभरात एकमेकांना हात लावायची सोयच नाही. राहिली ती रात्र. मग त्याने नुसता खांद्यावर हात ठेवला तरी तिच्या डोक्यात प्रश्न यायचा की हे आता पुढे जाणार का, आपल्याला नाही म्हणावं लागणार का. म्हणून ती आधीच अंग चोरायची. खरं तर तिला कुशीत पडून राहायला आवडायचं हो, पण ते घेतलं की पुढचंही कबूल केल्यासारखं होईल अशी भीती. आणि त्याला वाटायचं मी हिला नकोसाच झालोय.

ते बोलले सोमेश्वरला फिरायला गेले तेव्हा, चालता चालता (समोरासमोर बसण्यापेक्षा हे सोपं जातं). तो "तू कधीच जवळ येत नाहीस" असं नाही म्हणाला, "मला तुझी जवळीक हवीशी वाटते, तुला कुठला स्पर्श बरा वाटतो आणि कुठल्या वेळी नको असतो ते सांग" म्हणाला, आणि ती बोलत असताना मध्ये तोंड घातलं नाही. मग ठरलं की काही आठवडे मिठी, डोक्याला तेल, पाय दाबणं, एवढंच, पुढे काही नाही. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन लैंगिकता-संशोधकांनी 1970 मध्ये जोडप्यांसाठी मांडलेली पद्धत याच धर्तीची आहे, सुरुवातीला संबंध मुद्दाम बाजूला ठेवायचे, म्हणजे स्पर्शामागचं टेन्शन जातं.

हे फसतं कुठे, तर चौथ्या दिवशी "आज जरा पुढे जाऊया ना" म्हटलं की संपलं, तिचा विश्वास पुन्हा शून्यावर. आणि हे सगळं करून तिची इच्छा तुमच्याएवढी होईलच असंही नाही बरं का. कित्येकांना आधी इच्छा होत नाही, निवांत जवळीक झाल्यावर मग होते, रोझमेरी बॅसन या डॉक्टरांनी 2000 मध्ये हे बायकांबाबत नीट मांडलंय. कुणाची इच्छा मुळातच कमी असते, त्यात ना तिचा दोष ना तुमचा.

फक्त ती दुखतं म्हणाली, किंवा बाळंतपणानंतर अथवा डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्यापासून हे बदललं असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा, आणि तिला एकटीला पाठवू नका.