परदेशी चेकचे पैसे उशिरा मिळाल्याच्या तक्रारीस उत्तर

“अनुवादाचे काम वेळेत करून दिले. ग्राहकाचा डॉलरमधला चेक या अनुवाद संस्थेने आपल्या खात्यात भरला आणि त्यानंतर माझे मानधन हातात पडायला ३८ दिवस लागले. चेक २४व्या दिवशी जमा झाला हे यांनीच कळवले, तरी पुढे दोन आठवडे ‘चेक परत येऊ शकतो’ हेच कारण. अमेरिकेत चेक दोन दिवसांत वटतो. एकदा जमा झालेला चेक परत कसा येईल? आमचे पैसे यांनी वापरले, एवढेच मला दिसते.”

सप्रेम नमस्कार.

आपल्या तक्रारीचे दोन भाग आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत. पहिले २४ दिवस चेकच्या प्रवासात गेले आणि ते कमी करणे आमच्या हाती नव्हते. पुढचे १४ दिवस मात्र मी घेतलेल्या निर्णयामुळे गेले आणि आपल्या चेकच्या बाबतीत तो निर्णय चुकीचा होता.

अमेरिकेत चेक लवकर वटतो हे आपले म्हणणे खरे आहे, पण ते तिथल्या एका बँकेवर काढलेला चेक तिथल्याच दुसऱ्या बँकेत भरला तरच. त्या दोन्ही बँका एकाच क्लिअरिंग व्यवस्थेत असतात आणि एकमेकींना चेकची प्रतिमा पाठवून हिशेब मिटवतात; २००४ साली अमलात आलेल्या कायद्यामुळे तिथे मूळ कागद फिरवण्याची गरजही बहुतेक उरलेली नाही. आमची बँक त्या व्यवस्थेची सदस्य नाही. त्यामुळे परदेशातील बँकेवर काढलेला चेक आमच्याकडच्या रोजच्या क्लिअरिंगमध्ये जाऊच शकत नाही. ज्या बँकेवर तो काढला आहे तिच्यापर्यंत तो वेगळ्या मार्गाने पोचवावा लागतो. इथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. चेकवर कोणते चलन छापले आहे यावर हे ठरत नाही, बँकेची शाखा कुठल्या देशात आहे यावर ठरते. डॉलरमधला चेक तिसऱ्याच देशातल्या बँकेवर काढलेला असू शकतो आणि मग त्याचा प्रवास आणखी लांबतो.

असा चेक पाठवण्याचे दोन मार्ग आहेत आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर या दोन मार्गांमधल्या फरकात आहे. पहिल्या मार्गाला बँकेतले लोक ‘कॅश लेटर’ म्हणतात. त्यात आमची बँक अनेक ग्राहकांचे चेक एकत्र करून परदेशातील आपल्या प्रतिनिधी बँकेकडे पाठवते, ती बँक काही दिवसांतच एकूण रक्कम जमा देते, आणि त्या जमेच्या आधारे आमच्याही खात्यात पैसे दिसू लागतात. ही जमा तात्पुरती असते. चेक न वटता परत आला तर प्रतिनिधी बँक ती रक्कम आमच्या बँकेकडून परत घेते आणि आमची बँक आमच्याकडून. दुसरा मार्ग म्हणजे चेक ‘कलेक्शनला’ पाठवणे. त्यात कोणीही आगाऊ जमा देत नाही. ज्या बँकेवर चेक काढला आहे ती सही आणि शिल्लक तपासून रक्कम देते, ती रक्कम मागे येते आणि मगच आमच्या खात्यात जमा होते. पहिला मार्ग जलद पण कच्चा, दुसरा संथ पण पुष्कळ पक्का. कोणता मार्ग घ्यायचा हे बँक ठरवते, आणि मोठ्या रकमेचे चेक बहुधा कलेक्शनलाच जातात.

आपल्या कामाचा ३,६०० डॉलरचा चेक कलेक्शनला गेला होता. भरल्याच्या चौथ्या दिवशी तो शाखेतून बँकेच्या परकीय चलन विभागात पोचला, सहाव्या दिवशी कुरिअरने निघाला, ११व्या दिवशी प्रतिनिधी बँकेकडे आणि १४व्या दिवशी ज्या बँकेवर काढला होता तिच्या टेबलावर आला. २१व्या दिवशी रक्कम आमच्या बँकेच्या परदेशातील डॉलर खात्यात आली आणि २४व्या दिवशी, त्या दिवसाच्या खरेदी दराने बदलून, आमच्या खात्यात. वाटेतल्या दोन बँकांनी आपापली वटणावळ कापून घेतल्यामुळे ३,५५५ डॉलरच आले. ही तूट आम्ही सोसली, आपल्या मानधनातून कापली नाही, हे केवळ हिशेब पूर्ण व्हावा म्हणून लिहितो. यातला एक दिवस टळू शकला असता. चेकवर महिना आधी आणि दिवस नंतर, अशी तिकडच्या पद्धतीची तारीख होती. काउंटरवर ती उलटी वाचली गेली, चेक पुढच्या तारखेचा समजून बाजूला ठेवला गेला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या माणसाने जाऊन तो उलगडा केला.

आता जमा झालेला चेक परत कसा येतो, ते सांगतो. हे मी आमच्या अंगावर आलेल्या प्रसंगावरूनच सांगू शकतो. काही वर्षांपूर्वी एका नव्या ग्राहकाने आम्हाला २,८५० डॉलरचा चेक पाठवला. तो कॅश लेटरने गेला आणि नवव्या दिवशी खात्यात जमा दिसली. आम्ही त्याच आठवड्यात चार अनुवादकांना मानधन दिले. ५२व्या दिवशी खातेउताऱ्यात तीच रक्कम आमच्या खात्यातून वजा केलेली दिसली. बँकेने मागवलेल्या चेकच्या प्रतीकडे नीट पाहिल्यावर कळले की आमचे नाव जिथे लिहिले होते तेवढ्याच पट्टीत कागदावरची बारीक रेघांची नक्षी पुसट झाली होती, बाकी सगळीकडे ती ठळक होती. चेक खरा होता, खाते खरे होते, सहीही खरी होती. एका कंपनीने तो आपल्या पुरवठादाराला टपालाने पाठवला होता, वाटेत तो चोरीला गेला आणि मूळ नाव पुसून त्यावर आमचे नाव लिहिले गेले. पुरवठादाराने पैशांची चौकशी केली तेव्हा कुठे हे उघड झाले. रक्कम जमा झाली तेव्हा बँकेने खरेदी दर लावला होता आणि परत घेताना विक्री दर लावला, त्यामुळे जेवढे मिळाले होते त्याहून जास्त गेले. ग्राहक अर्थातच सापडला नाही. अनुवादकांकडून आम्ही काही परत मागितले नाही, कारण त्यांनी काम प्रामाणिकपणे केले होते.

असे का होऊ शकते, ते तिथल्या नियमांत आहे. अमेरिकेतील एकसमान व्यापारी संहितेनुसार, चेक हाती आल्यावर तो शिल्लक नाही म्हणून किंवा खातेदाराने रक्कम थांबवायला सांगितली म्हणून परत करायचा असेल, तर बँकेला साधारणपणे पुढच्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंतच मुदत असते. म्हणून शिल्लक नसल्याचा धोका चेक तिथे पोचल्यावर लवकर संपतो. आपल्यापर्यंत ती बातमी उशिरा येते, एवढेच. परंतु चेकवरचे नाव किंवा रक्कम बदललेली निघाली, अथवा मागच्या बाजूची सही खोटी निघाली, तर ती मध्यरात्र कामाची नाही. चेक पुढे पाठवणारी प्रत्येक बँक तो बदललेला नसल्याची हमी देत असते, आणि त्या हमीवरचा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांपर्यंत करता येतो. स्वतःच्या खातेदारालाही असा फेरफार आपल्या बँकेला कळवण्यास एक वर्षापर्यंतची मुदत असू शकते. थोडक्यात, कलेक्शनने आलेल्या जमेतही हा एक धोका शिल्लक राहतो, मात्र तो फार कमी असतो आणि दोन आठवडे थांबून तो संपतही नाही.

माझी चूक नेमकी इथे झाली. ५२व्या दिवसाच्या त्या फटक्यानंतर मी सरसकट नियम केला की परदेशी चेकची रक्कम जमा झाल्यापासून १४ दिवस कोणालाही पैसे द्यायचे नाहीत. कॅश लेटरच्या कच्च्या जमेसाठी थांबण्यात अर्थ होता. आपला चेक कलेक्शनचा होता, समोरच्या बँकेने रक्कम प्रत्यक्ष दिल्याची सूचना आमच्याकडे आलेली होती, आणि तो चेक तीन वर्षांपासून आमच्याकडे काम देणाऱ्या ग्राहकाने स्वतः आमच्या नावाने काढलेला होता. शिल्लक नसल्याचा धोका मिटला होता आणि नाव बदलल्याच्या शक्यतेला काही आधार नव्हता. उरलेल्या किंचित धोक्याचा भार मी आपल्यावर टाकला, तोही कारण धड न समजावता. याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. आपले पैसे त्या काळात आम्ही दुसऱ्या कशासाठी वापरले नाहीत, पण आपल्याला ते मिळाले नाहीत यात त्यामुळे काही फरक पडत नाही, हेही मला मान्य आहे.

या महिन्यापासून आम्ही पद्धत बदलली आहे. परदेशी चेक भरतानाच तो कोणत्या मार्गाने जाणार हे आम्ही बँकेकडून लेखी घेतो आणि संबंधित अनुवादकाला कळवतो. कलेक्शनचा चेक असेल तर रक्कम मिळाल्याची सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण मानधन दिले जाईल. कॅश लेटरचा असेल तर जमेच्या दिवशी अर्धे मानधन आणि बँकेने सांगितलेली राखीव मुदत संपल्यावर उरलेले अर्धे. त्यानंतर चेक परत आला तर तो तोटा आमचा. अनुवादकाकडे त्याची मागणी होणार नाही. नव्या ग्राहकाकडून आता आम्ही चेक घेतच नाही, बँकेतून थेट रक्कम आल्यावरच काम सुरू करतो. बिलापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून वरचे पैसे दुसऱ्या कोणाला पाठवा असे सांगणारा ग्राहक आला, तर तो चेक भरतही नाही. अशा मागणीत चेक खोटा किंवा चोरीचा असण्याची शक्यता फार मोठी असते, आणि पाठवलेले पैसे गेल्यानंतर चेक परत येतो.

आपल्या कामाच्या ग्राहकाशीही मी बोललो असून, पुढच्या बिलापासून चेकऐवजी बँकेतून थेट रक्कम पाठवण्यास त्यांनी होकार दिला आहे. चेक भरल्याची पावती, कलेक्शनचा क्रमांक आणि रक्कम मिळाल्याची सूचना या तिन्हींच्या प्रती आपल्या ईमेलवर आज पाठवल्या आहेत, म्हणजे वर दिलेल्या तारखा आपल्याला स्वतः ताडून पाहता येतील. त्यात कुठे तफावत आढळल्यास कृपया याच ठिकाणी लिहावे; उत्तर मी स्वतः देईन.